‘खट्’ वाजलं का?

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ट्विन पार्क्स नॉर्थ वेस्ट नावाची एकोणीस मजल्यांची इमारत आहे. ९ जानेवारी २०२२, रविवारची सकाळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर मिळून असलेल्या एका घरात थंडीसाठी लावलेला विजेचा हीटर बिघडला आणि पेटला. आग त्या घरापुरती आणि दारासमोरच्या बोळापुरतीच राहिली. वरच्या मजल्यांवर ज्वाळेची जीभही पोचली नाही. तरीही त्या दिवशी १७ माणसं गेली, त्यांत ८ मुलं होती. जीव घेतला तो धुरानं. अग्निशमन दलाच्या जवानांना जिन्यात मजल्यामजल्यावर माणसं सापडली.

मग धूर तिथवर गेला कसा? तर दारातून. घरातली माणसं जीव घेऊन बाहेर पळाली. त्यांच्यामागे दार आपोआप मिटायला हवं होतं, ते उघडंच राहिलं. वर पंधराव्या मजल्यावर जिन्याचंही एक दार उघडं होतं. खाली एक दार उघडं, वर एक दार उघडं आणि मधे उभा जिना. यालाच आपण धुराडं म्हणतो.

या बातमीनंतर मी दारांकडे बघायला लागलो आणि तेव्हापासून बघतोच आहे. इतक्या साध्या वस्तूत इतकं काही दडलेलं असेल असं वाटलं नव्हतं. त्यातलं निवडक इथं मांडतो.

इमारत म्हणजे मिसळणाचा डबा

मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, मोहरी अशा वाट्या वेगवेगळ्या असतात. एक कलंडली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. चांगली इमारतही अशीच खणाखणांची बांधतात. प्रत्येक घर एक खण, जिना एक खण, लिफ्टचा उभा बोगदा एक खण, वायरी आणि पाइप जिथून जातात तो डक्ट आणखी एक. भिंती आणि स्लॅब या खणांच्या बाजू असतात. आग लागलीच तर ती त्या एका खणात तासभर, दोन तास अडकून पडावी, तेवढ्यात माणसं निघावीत आणि बंब पोचावा, असा हा हिशोब.

पण खणात ये-जा करायची तर भिंतीला भोक हवं. दार म्हणजे भिंतीला आपणच पाडलेलं भोक. म्हणून भिंतीचं काम दारानंही करावं लागतं, आणि ते काम दार फक्त मिटलेलं असतानाच करतं.

पोस्टकार्ड की अख्खा दरवाजा?

हा हिशोब कागदावर करून बघण्यासारखा आहे. जिन्याचं दार समजा ९० सेंटिमीटर रुंद आणि २१० सेंटिमीटर उंच आहे. ते सताड उघडं असेल तर धुराला १८,९०० चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. तेच दार मिटलं आणि दोन्ही बाजूंना नि वर ३ मिलिमीटरची फट राहिली, तर सगळ्या फटींची बेरीज होते साधारण १५३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जरा मोठी. सव्वाशे पटीचा फरक, आणि तोही फटीत काहीही न भरता!

आता खालची फट. दाराखाली एक सेंटिमीटर मोकळं असेल तर तिथं आणखी ९० चौरस सेंटिमीटर वाढतात. वरच्या तिन्ही बाजूंच्या निम्म्याहून जास्त फट एकट्या खालच्या कडेला! पण इथं एक गंमत आहे. पेटलेल्या खोलीत गरम धूर छताशी साचतो आणि दाराच्या वरच्या भागातून बाहेर ढकलला जातो. खालून बाहेरची थंड हवा उलट आत ओढली जाते. त्यामुळे पेटलेल्या खोलीच्या दारात पहिला काळा फराटा उमटतो तो वरच्या कडेला. हाच धूर बोळात लांब जाऊन गार झाला की खाली बसतो आणि मग दुसऱ्या घरात मात्र दाराखालूनही शिरतो.

साधं दारही बरंच काही करतं

अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज ही जुनी चाचणी संस्था आहे. तिच्या अग्निसुरक्षा संशोधन विभागानं खऱ्या घरांच्या प्रतिकृती पेटवून मोजमापं घेतली. एकाच आगीत दोन झोपायच्या खोल्या, एकीचं दार उघडं आणि दुसरीचं मिटलेलं. उघड्या खोलीत तापमान साडेपाचशे अंश सेल्सियसच्या घरात गेलं. मिटलेल्या खोलीत ते चाळीसच्या आत राहिलं, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारपेक्षा कमी. कार्बन मोनॉक्साइड उघड्या खोलीत दहा लाखांत दहा हजार भाग, मिटलेल्या खोलीत एक हजार.

एक हजार म्हणजे सुरक्षित नव्हे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. पण दहा हजारांत माणूस काही मिनिटांत कोसळतो आणि एक हजारात खिडकीपर्यंत जाऊन हाक मारायला वेळ मिळतो. लक्षात घ्या, ही घरातली साधी दारं होती, आगरोधक नव्हे. ती फक्त मिटलेली होती.

कुरडई आणि फायर डोअर

कुरडई तेलात सोडली की दोन सेकंदांत कढईभर होते. फायर डोअरच्या कडेला खोबणीत एक पट्टी बसवलेली असते, तिचं वागणं अगदी असंच. एरवी ती पेन्सिलीएवढ्या रुंदीची, चपटी, कुणाच्या डोळ्यांतही न भरणारी असते. तिच्यात बहुधा ग्रॅफाइट असतं, थर थर असलेलं, थरांत रसायन भरलेलं. तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेलं की थर फुटून फुलतात, पट्टी कित्येक पटींनी फुगते आणि दार नि चौकट यांच्यातली फट गच्च भरून टाकते. तळणीचं तेलही साधारण त्याच तापमानाचं असतं. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

आता खरी मेख. पट्टी दोनशे अंशांना जागी होते आणि धूर त्याच्या कितीतरी आधी येतो. आगीपासून दोन खोल्या लांब असलेल्या दारापाशी पोचणारा धूर कोमट असतो, कधी नुसता खोलीच्या हवेइतका. तो पट्टीला उठवतच नाही. पट्टी झोपलेली आणि धूर फटीतून आरामात पलीकडे. म्हणून चांगल्या दाराला दुसरी एक गोष्ट लावतात, बारीक केसांचा ब्रश किंवा रबराची मऊ झालर. गार धूर अडवायचं काम तिचं, तापलेला वायू अडवायचं काम पट्टीचं. ब्रिटनमध्ये दारांच्या वर्गाच्या नावातच हा फरक दिसतो. FD30 म्हणजे अर्धा तास आग अडवणारं दार, आणि FD30S मधला शेवटचा S म्हणजे तेच दार धूरही अडवतं.

आणि यातलंच एक दुःख. रंगकाम करणारे या ब्रशवरून सरळ तैलरंग फिरवून जातात. केस चिकटून कडक झाले की झालर असून नसल्यासारखी. बोटानं चाचपून बघा. मऊ लागली पाहिजे.

लोखंड हरलं, लाकूड जिंकलं

आगीसमोर लोखंडी दार उत्तम, असं कुणीही म्हणेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कापडगिरण्यांनीही तसंच मानलं होतं. पण गिरण्या पेटल्या तेव्हा लोखंडाचे जाड पत्रे तापून वाकले, चौकट सोडून बाहेर आले आणि कडेनं हातभर वाट उघडी पडली. गिरण्यांच्या विमा कंपन्यांना त्याचा थेट फटका बसत होता, त्यामुळे त्यांनी बारकाईनं पाहिलं. टिकलं ते वेगळंच दार. आत फळ्यांचे आडवे-उभे थर आणि बाहेरून कथलाचा मुलामा दिलेला पातळ पत्रा मढवलेला. पत्र्यामुळे लाकडाला हवा मिळेना, त्यामुळे ते भडकण्याऐवजी आतल्या आत कोळसा होत गेलं, आणि कोळसा उष्णतेला फार हळू पुढे जाऊ देतो.

आजही लाकडी फायर डोअर याच गुणावर उभी असतात. भरीव लाकूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीनं कोळसा होत जातं. अर्ध्या तासाला झाले वीसेक मिलिमीटर. अर्ध्या तासाचं दार बहुधा ४४ मिलिमीटर जाड का असतं, ते इथं कळतं. आपल्याकडच्या उंच इमारतींत बहुतेक पोलादी दारं दिसतात. ती आतून पोकळ नसतात. दोन पत्र्यांच्या मधे उष्णतारोधक भरण असतं, आणि पत्रा वाकला तरी चौकट सुटू नये म्हणून बिजागऱ्या आणि खिटी नेमक्या ठिकाणी असाव्या लागतात.

चिमूटभर कापूस

दाराची परीक्षा भट्टीत होते. भट्टीचं तापमान ठरलेल्या चढानं वाढवतात. पाच मिनिटांत साधारण ५७५ अंश, अर्ध्या तासात ८४०, दोन तासांनी १,०५० च्या आसपास. दार भट्टीच्या तोंडाशी बसवलेलं असतं आणि बाहेरच्या बाजूला परीक्षक उभे असतात. कुठं फट पडली असा संशय आला की ते तारेच्या चौकटीत कापसाची गादी धरून त्या जागेसमोर नेतात. कापूस पेटला की परीक्षा संपली, दार तेवढ्या मिनिटांना नापास. कोट्यवधी रुपयांच्या भट्टीसमोर निकाल देतो तो कापूस! मला या चाचणीत हे सगळ्यात आवडतं, कारण पलीकडच्या खोलीतले पडदे आणि गाद्या कशा वागतील ते कापसाइतकं खरं दुसरं कुणी सांगत नाही.

पण एक मर्यादा आहे. कापूस ज्वाळा आणि तापलेला वायू ओळखतो, धूर ओळखत नाही. धुराची गळती वेगळ्या चाचणीत मोजावी लागते. म्हणजे ‘दोन तासांचं’ असा शिक्का असलेलं दार धूरही तितकाच अडवेल असं नाही. दार विकत घेताना झालरीबद्दल वेगळं विचारावं लागतं.

धाडकन आपटतं म्हणून वीट

आमची सोसायटी ठाण्यात, अठरा मजल्यांची. जिन्याची दारं पोलादी, वर डोअर क्लोजर बसवलेला. एका दिवाळीला मी सगळे मजले चालत उतरलो आणि मोजलं, तर अठरापैकी सात दारं उघडी अडकवलेली होती. कुठं वीट, कुठं तुळशीची रिकामी कुंडी, कुठं चपलांचा रॅक. अकराव्या मजल्यावर तर दाराला टेकू दिला होता आग विझवायच्या लाल सिलिंडरचा.

सहाव्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, रात्री कुणी गेलं की ते दार असं धाडकन आपटतं की नातू दचकून उठतो. म्हणून लावली वीट. सेक्रेटरींना दोनदा सांगितलं होतं.”

काकूंचं काही चुकलं नव्हतं. चूक क्लोजरची होती, आणि ती ओळखता येते. क्लोजरच्या पोटात स्प्रिंग आणि तेल असतं. स्प्रिंग दार ओढते, तेल त्याला सावकाश येऊ देतं. अंगावर बहुधा दोन बारीक स्क्रू असतात. एक दाराच्या एकूण गतीचा, दुसरा शेवटच्या वीतभर अंतराचा, जिथं दार चौकटीत शिरून खिटी अडकवतं. दार आपटत असेल तर हे स्क्रू पाव फेरा आवळून बघतात. पण क्लोजरखाली दाराच्या पत्र्यावर तेलाचा चिकट ओघळ दिसला तर समजायचं की आतलं तेल गळलंय. मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही. क्लोजर नवाच लागतो.

उलटी तक्रारही असते. दार अलगद येतं आणि चौकटीशी दोन बोटं अंतर ठेवून थांबतं. आवाज नाही, कटकट नाही, म्हणून कुणी बोलतही नाही. हे मला आपटणाऱ्या दारापेक्षा वाईट वाटतं. खिटी बसलेली नाही, आणि पेटलेल्या खोलीतली हवा फुगून दाराला रेटते तेव्हा नुसतं टेकलेलं दार उघडतं.

आमच्या सातांपैकी चार क्लोजरांचं तेल गळलेलं निघालं, दोन नुसत्या स्क्रूवर सुधारले, एका दाराची बिजागरी झिजून पान खाली फरशीला घासत होतं.

लोहचुंबक, जो सोडून देण्यासाठी असतो

काही दारं दिवसभर उघडी ठेवणं भागच असतं. इस्पितळाच्या बोळात स्ट्रेचर आणि जेवणाच्या गाड्या सारख्या ये-जा करतात. तिथं वीट नको आणि कुंडी नको म्हणून भिंतीवर विजेचं लोहचुंबक लावतात. दाराला चकती, भिंतीला चुंबक. वीज चालू आहे तोवर दार भिंतीला चिकटून उघडं. धूर ओळखणाऱ्या यंत्रणेनं इशारा दिला की चुंबकाची वीज तुटते आणि क्लोजर दार ओढून घेतो. यातली खरी हुशारी अशी की वीज गेली, वायर जळली, यंत्रणाच बंद पडली, तरी दार मिटतंच. बिघाड झाला तर तो मिटण्याच्या बाजूनं.

भिंत छतापर्यंत गेली आहे का?

दार उत्तम आणि भिंतीला भोकं, असंही होतं. ऑफिसात फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलून टॉर्च मारा. कित्येकदा भिंत फॉल्स सीलिंगपर्यंतच बांधलेली असते, वर स्लॅबपर्यंत नाही. धूर वर चढतो, सीलिंगच्या पोकळीत शिरतो आणि दाराला वळसा घालून शेजारच्या खोलीत उतरतो.

इंटरनेटची वायर टाकायला कुणीतरी येतं, डक्टच्या भिंतीला दोन इंचांचं भोक पाडतं, वायर ओवतं आणि जातं. अशी आठ भोकं झाली की आपलं पोस्टकार्ड भरलं. पाठोपाठ कुणी फवारणीचा पिवळट फोम मारून ते बुजवतं. दिसायला नीट दिसतं, पण हा साधा फोम स्वतःच पेट घेतो. वायरींभोवती लागतं ते खनिज लोकर आणि त्यावर आगरोधक लेप. पीव्हीसीचा पाइप असेल तर भिंतीशी त्याच्याभोवती एक कडं बसवतात. आगीत पाइप वितळून मऊ होतो तेव्हा कड्यातलं तेच कुरडईचं द्रव्य फुगून पाइप आवळतं आणि भोक मिटवतं.

ब्राँक्समध्येच, चार वर्षं आधी

ट्विन पार्क्सच्या आधी, २८ डिसेंबर २०१७ ला, त्याच ब्राँक्समध्ये पाच मजल्यांच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या घरात तीन वर्षांचं मूल शेगडीच्या बटणांशी खेळत होतं. आग लागली. आईनं मुलांना उचललं आणि ती बाहेर धावली, दार मागे उघडं राहिलं. धूर आणि ज्वाळा जिन्यानं वर गेल्या आणि १३ माणसं मेली. कडेवर लेकरं घेऊन धावणाऱ्या बाईनं मागे वळून दार लोटावं, अशी अपेक्षा कुणी कशी करायची? म्हणूनच ते काम स्प्रिंगकडे द्यायचं असतं. त्या आगीनंतर न्यूयॉर्कनं भाड्याच्या इमारतींत आपोआप मिटणाऱ्या दारांबद्दलचा कायदा कडक केला. ट्विन पार्क्सच्या वेळी तो होता. दार मात्र मिटलं नाही.

जानेवारी महिन्यानंही तिथं भर घातली. बाहेर कडाका, आत गरम केलेली हवा. गरम हवा हलकी, ती जिन्यातून सतत वर चढत असते, आग असो वा नसो. धुराला तयार वाहनच मिळालं. आपल्याकडे उन्हाळ्यात एसीनं गार केलेल्या उंच इमारतीत हा प्रवाह उलटा होऊ शकतो. गार, जड हवा जिन्यातून खाली उतरते आणि गारठलेला धूर आगीच्या खालच्या मजल्यावरही निघतो.

दोन नाणी आणि एक उदबत्ती

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, इमारतीच्या अग्निसुरक्षेचा ‘फॉर्म बी’ दाखला द्यावा लागतो. तपासायला येणाऱ्या त्या संस्थेच्या माणसाबरोबर मजले चढा. वर्षांमागून वर्षं आमच्याकडे येणारा माणूस पंप बघून खालूनच जात होता.

दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवा. जाडी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास होते. मिटलेल्या दाराच्या फटीत ती जोडी बाजूनं आणि वरून सरकवून बघा. अडखळत गेली तर ठीक. सळसळत, खेळत गेली तर फट जास्त आहे, आणि पट्टी फुगूनही ती भरेल याचा भरवसा नाही.

उदबत्ती ज्या इमारतींत जिन्यात पंख्यानं हवेचा दाब ठेवतात तिथल्यासाठी. हा दाब साधारण ५० पास्कल असतो, म्हणजे पाण्याच्या पाच मिलिमीटर उंचीएवढा. एवढासा, पण धुराला जिन्याबाहेर थोपवायला पुरेसा. पंखा चालू करायला लावा, लॉबीत उभं राहून पेटती उदबत्ती दाराच्या फटीशी धरा. धूर तुमच्याकडे, लॉबीकडे वळला पाहिजे. जिन्याकडे ओढला गेला तर कुठल्यातरी मजल्यावर दार उघडं आहे आणि सगळा दाब तिथून सुटतोय. आमच्याकडे तो अकराव्यावर सुटत होता, त्या लाल सिलिंडरपाशी.

शेवटची चाचणी काकूंच्या नातवानं अंगावर घेतली आहे. वय सात. शाळेतून आला की तो जिन्याचं दार वीतभर उघडतो, सोडतो आणि कान देऊन उभा राहतो. दार सावकाश येतं, शेवटच्या बोटभर अंतरात जरा जोर घेतं आणि खिटी बसते, खट्. आवाज आला नाही तर तो सेक्रेटरींच्या दाराची बेल वाजवतो.